५ फूट ७ इंच आणि पुढे पाच रेषा: फॉर्ममध्ये किती सेंटिमीटर भरायचे?

प्रश्न: "नाशिकच्या घरी बेडरूममध्ये दोन भिंतींच्या मध्ये वॉर्डरोब बसवायचा आहे. मी बंगळूरला असते. बाबांनी टेप लावून फोटो पाठवला. त्यात ५ फुटांची खूण, मग ७ चा आकडा आणि त्याच्या पुढे पाच रेषा दिसतात. सेंटिमीटरची बाजू त्यांच्या अंगठ्याखाली गेली आहे. ऑर्डरच्या फॉर्मवर फक्त सेंटिमीटर चालतात. मी ५.७५ फूट धरले, गुणिले ३०, म्हणजे १७२.५. एवढेच भरू का?"

नका भरू. त्या रेषा इंचाच्या आठव्या भागाच्या असतील तर माप १७१.८ सेंटिमीटर होते, सोळाव्या भागाच्या असतील तर १७१.० सेंटिमीटर. दोन्ही आकडे तुमच्या आकड्यापेक्षा लहान आहेत. वस्तू दोन भिंतींमध्ये जायची असेल तर कमी भरलेल्या आकड्याने फट राहते, पण जास्त भरलेल्या आकड्याने वॉर्डरोब दारात उभा राहतो.

मी मापाप्रमाणे फर्निचर करून देणाऱ्या कारखान्यासाठी साइटवर जाऊन मापं घेतो. हल्ली निम्मी मापं फोटोतूनच येतात, त्यामुळे तुमच्यासारखा हिशोब ओळखीचा आहे. त्यात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींना जवळजवळ झाकतात, म्हणून उत्तर पटण्यासारखं दिसतं. पहिली चूक अशी की ७ इंच आणि ५ रेषा हे आकडे तुम्ही शेजारी ठेवून .७५ केले. फूट बारा इंचांचा असतो, दहाचा नाही. ५.७५ फूट म्हणजे पाच फूट नऊ इंच, सेंटिमीटरमध्ये १७५.३. इथे तुम्ही साडेतीन सेंटिमीटर पुढे गेलात. दुसरी चूक ३० ची. एक फूट ३०.४८ सेंटिमीटरचा असतो, म्हणून ३० ने गुणताना प्रत्येक फुटामागे जवळजवळ पाच मिलिमीटर गळाले आणि तुम्ही पावणेतीन सेंटिमीटर मागे आलात. पुढेमागे होऊन शेवटी सात मिलिमीटर जास्त उरले. हेच माप ५ फूट १ इंच असतं आणि तुम्ही ५.१ धरून ३० ने गुणलं असतं, तर पहिल्या चुकीने तुम्ही अर्धाच सेंटिमीटर पुढे गेला असता, दुसरीने जवळजवळ अडीच सेंटिमीटर मागे आला असता आणि उत्तर दोन सेंटिमीटरने कमी आलं असतं. म्हणून अंदाजाने बरोबर वाटणाऱ्या उत्तरावर जाऊ नका.

आता त्या पाच रेषांकडे येऊ, कारण गुणाकार सोपा आहे आणि खरा घोळ वाचण्यात होतो. फोटो मोठा करा आणि ७ पासून ८ पर्यंत किती घरं आहेत ते मोजा. रेषा मोजू नका, रेषांच्या मधली घरं मोजा. आठ घरं असतील तर एक घर ३.२ मिलिमीटरचं, सोळा असतील तर १.६ मिलिमीटरचं. खिशात मावणाऱ्या स्टीलच्या टेपवर बहुधा सोळा असतात, पण वडील बारीक रेषा सोडून फक्त जरा लांब रेषा मोजत असतील तर त्यांच्या पाच म्हणजे पाच अष्टमांश. तुमच्या बाबतीत हा फरक आठ मिलिमीटरचा आहे.

मोजायचा कंटाळा आला किंवा फोटो धूसर असला तर एक जलद खूण आहे. इंचाच्या मधोमध सगळ्यात लांब रेष असते, ती अर्ध्या इंचाची. त्यापेक्षा जरा आखूड त्या पाव आणि पाऊण इंचाच्या. भिंत अर्ध्याच्या रेषेच्या लगेच पुढे लागत असेल तर ते पाच अष्टमांश, म्हणजे साडेसात आणि पावणेआठच्या बरोबर मध्ये. पावाच्या रेषेच्या लगेच पुढे लागत असेल तर ते पाच सोळांश, म्हणजे सव्वासातच्या जरा पुढे आणि साडेसातच्या अलीकडे. वडिलांना फोन करून एवढंच विचारा: "साडेसातच्या पुढे आहे की अलीकडे?" याचं उत्तर ते टेपकडे एकदा बघून देतील, आणि फोटोवर तासभर डोळे ताणण्यापेक्षा ते जास्त खात्रीचं असेल.

जवळपास सुतार असेल तर त्याच्याकडून सुतात ऐका. एक इंच म्हणजे आठ सूत, त्यामुळे तो "पाच फूट सात इंच पाच सूत" म्हणाला तर ते अष्टमांशच आहेत. आणखी बारीक सांगायचं असेल तर तो "अडीच सूत" म्हणेल, आणि अडीच सूत म्हणजेच पाच सोळांश. मला स्वतःला तोंडी मापासाठी सूत हीच पद्धत बरी वाटते, कारण त्यात दशांश चिन्हाचा गोंधळ होत नाही. फक्त ते कागदावर उतरवताना "७.५" असं कुणी लिहू नये. सात इंच पाच सूत म्हणजे ७.६२५ इंच, आणि ७.५ लिहिलं की पुढचा माणूस साडेसात वाचणार.

फोटोत आणखी दोन सापळे असतात. काही टेपवर प्रत्येक फुटानंतर इंचाचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात, काहींवर सलग चालू राहतात. सलग टेपवर तुमच्या जागी ६७ दिसला असता, आणि ६७ ला "सहा फूट सात" वाचणारी माणसं मी पाहिली आहेत. तो पाच फूट सात असतो. तुमच्या फोटोत ७ आहे आणि डाव्या हाताला ५ फुटांची खूण आहे, म्हणजे पहिला प्रकार. हे ठीक आहे, पण मधली एखादी खूण अंगठ्याखाली तर नाही ना हे बघा. दुसरा सापळा दिशेचा. मोजणारा टेपच्या एका बाजूला आणि फोन दुसऱ्या बाजूला असला की फोटोत आकडे उलटे दिसतात आणि ते उजवीकडून डावीकडे वाढतात. मग डोळा आपोआप ८ पासून मागे मोजू लागतो. घरं नेहमी लहान आकड्यापासून मोठ्याकडे मोजायची. ८ पासून मागे पाच अष्टमांश गेलात तर वाचन ७ पूर्णांक ३/८ होतं, सहा मिलिमीटरपेक्षा जास्त कमी.

खरं सांगायचं तर सगळ्यात स्वच्छ उपाय वडिलांच्या अंगठ्याखाली आहे. टेपच्या दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असतील तर रूपांतर करूच नका. अंगठा काढून पुन्हा फोटो मागवा आणि तो आकडा थेट वाचा. इंचाचं वाचन मग पडताळणीला ठेवा. माप बरोबर वाचलं असेल तर खाली १७१ च्या पुढे साधारण आठ मिलिमीटर दिसले पाहिजेत. १७१ च्याच रेषेवर येत असेल तर त्या रेषा सोळांशाच्या होत्या. दोन बाजू एकमेकींशी जुळत नसतील तर तुमचं इंचाचं वाचन चुकलं आहे असंच धरा, कारण सेंटिमीटरच्या बाजूला अपूर्णांकच नाहीत आणि तिथे चुकायला फारशी जागा नसते.

दुसरा फोटो मिळणार नसेल तर हिशोब असा करा. आधी सगळं इंचात आणा: पाच फूट म्हणजे ६० इंच, त्यात ७ मिळवले की ६७. मग अपूर्णांक दशांशात करा: ५ भागिले ८ म्हणजे ०.६२५. एकूण ६७.६२५ इंच. याला २.५४ ने गुणलं की १७१.७६७५. शेवटी एकदाच पूर्णांकन करा, मधल्या पायऱ्यांवर नाही. २.५४ हा आकडा अंदाजाचा नाही. १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असं ठरलेलं आहे, त्यामुळे त्यापुढे दशांश शोधायची गरज नाही. मात्र त्याचं २.५ केलं तर ६७ इंचांवर पावणेतीन सेंटिमीटर कमी येतात.

संगणकावर हे एका ओळीत होतं:

```
=(5*12+7+5/8)*2.54
```

हे स्प्रेडशीटमधल्या सूत्रासाठी आहे. सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह विसरून रकान्यात नुसतं 5/8 टाकलं तर स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर वेगळीच गंमत होते: ६० अधिक ७ अधिक ५ भागिले ८ असं सलग दाबलं तर तो क्रमाने जातो, ७२ ला ८ ने भागतो आणि ९ दाखवतो. म्हणून ५ भागिले ८ आधी करा, मग त्यात ६७ मिळवा. उत्तर आल्यावर डोळ्याने एक तपासणी करा: पाच फूट म्हणजे १५२.४ आणि सहा फूट म्हणजे १८२.९ सेंटिमीटर. तुमचं उत्तर या दोन्हींच्या मध्ये, सहाच्या बाजूला हवं.

इथपर्यंत फोटोत दिसलं ते वाचलं. पण फोटोत टेपचं एकच टोक आहे. दुसरं टोक कुठे होतं? काही लोक हूक झिजलंय म्हणून १ इंचाची किंवा १० सेंटिमीटरची खूण भिंतीला लावून मोजतात. कारागिराची ती चांगली सवय आहे, पण नंतर तेवढं वजा करायचं असतं आणि फोटो बघणाऱ्याला ते कळत नाही. वडिलांना विचारा की शून्याचं टोक भिंतीला टेकवलं होतं का, आणि त्या टोकाचाही एक फोटो मागवा. हूक थोडं पुढेमागे हलतं, ते ढिलं झालेलं नसतं. कडेला अडकवून ओढलं किंवा भिंतीला टेकवून दाबलं, तरी हुकाच्या स्वतःच्या जाडीचा हिशोब जुळावा म्हणून ते मुद्दाम तसं बसवलेलं असतं. रिव्हेटमध्ये माती किंवा रंग बसून ते हलायचं थांबलं असेल तर एखादा मिलिमीटर चुकतो, हूक वाकलं असेल तर जास्त.

याहून मोठी चूक दुसऱ्या भिंतीपाशी होते. दोन भिंतींच्या आत मोजताना टेपची डबी मध्ये येते, म्हणून माणूस पातं कोपऱ्यात वळवतो आणि वळलेल्या जागी अंदाजाने वाचतो. ते वळण कधीच काटकोनी नसतं. तुमचा फोटो अशा वळणाचा असेल तर पाच अष्टमांश की सोळांश हा वाद फुकट आहे, कारण त्या जागी चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतात. याला पर्याय असा. डाव्या भिंतीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर मागच्या भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. मग उजव्या भिंतीला हूक टेकवून त्या खुणेपर्यंत मोजायचं. दोन्हींची बेरीज म्हणजे रुंदी. दुसरं माप सपाट भिंतीवर वाचलं जातं, आणि फोटोही नीट येतो. काही टेपच्या डबीवर तिची स्वतःची लांबी छापलेली असते. तसं असेल तर डबीची पाठ भिंतीला लावून, पात्यावर दिसणाऱ्या मापात ती लांबी मिळवली तरी चालतं. पण घरच्या माणसाला फोनवर समजावायला पेन्सिलची खूण सोपी.

फोटो काढताना फोन वाचनाच्या बरोबर समोर हवा. टेपचं पातं पन्हाळीसारखं वाकलेलं असतं, त्यामुळे रेषा असलेल्या कडा भिंतीपासून थोड्या उचललेल्या राहतात. कड तीन मिलिमीटर वर असेल आणि फोन ४५ अंश तिरका असेल तर रेष तीन मिलिमीटर सरकलेली दिसते, म्हणजे जवळजवळ एक सूत. पातं अंगठ्याने दाबून सपाट करायला सांगा, पण अंगठा आकड्यांच्या बाजूला नको. आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर बारीक रेषा पुसट होतात.

आता फॉर्मवर काय भरायचं, हे ऑर्डर कसली आहे त्यावर ठरतं. तयार मापाचं कपाट घेत असाल, समजा १५० किंवा १८० सेंटिमीटर रुंद, तर हा सगळा बारकावा लागतच नाही. १८० जात नाही, १५० जातं, विषय संपला. मापाप्रमाणे करून घेत असाल तर कारखान्याला आधी विचारा की त्यांना ओपनिंगचं माप हवंय की कपाटाचं बाहेरचं माप. काही जण ओपनिंग घेऊन स्वतः वजावट करतात, काही जण भराल त्याच मापाचं कपाट करून पाठवतात. हे न विचारता भरलं तर एकतर वजावट दोनदा होते किंवा होतच नाही.

आणि ओपनिंगची रुंदी एकच नसते. आपल्याकडच्या प्लास्टरच्या भिंती ओळंब्यात असतीलच असं नाही, म्हणून वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापं घ्यायची आणि सगळ्यात लहान धरायचं. समजा तुमचं १७१.८ हे मधलं माप आहे, छताजवळ १७१.४ आलं आणि खाली स्कर्टिंगच्या वर १७१.६. मग धरायचं १७१.४, असं वाटेल. पण स्कर्टिंगची टाइल आतपर्यंत गेली असेल तर ती दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटिमीटर खाते. दोन्ही स्कर्टिंगच्या मध्ये मोजलं की १६९.६ येतं, आणि खरी अडचण तिथे असते. कंबरेच्या उंचीवर घेतलेल्या एका फोटोत ती कधीच दिसत नाही. बेडरूममध्ये तरी मी स्कर्टिंग विचारल्याशिवाय माप पुढे पाठवत नाही.

यावर दोन रस्ते आहेत. सुतार जागेवर येणार असेल तर तो स्कर्टिंग तेवढ्यापुरती काढेल किंवा कपाटाच्या बाजूच्या पाट्याला खाली खाच देईल, मग कपाट वरच्या मापाला धरून करता येतं. कपाट जोडलेलंच येणार असेल तर स्कर्टिंगमधल्या मापातूनच वजावट करा. मी अशा वेळी एकूण एक सेंटिमीटरच्या आसपास सोडतो. वरच्या उदाहरणात कपाटाची बाहेरची रुंदी १६८.५ धरली, तर खाली एकूण ११ मिलिमीटर मोकळे राहतात आणि छताजवळ २९. वरची फट दिसेल, म्हणून दोन्ही बाजूंना फिलर पट्टी मागून घ्या, ती जागेवर कापून बसवतात. पूर्णांकन नेहमी खालच्या दिशेने करा. १७१.७६७५ चं ओपनिंग मी १७१.७ लिहितो, १७१.८ नाही. टेबलावर टाकायची काच किंवा पलंगावरची गादी असती तर विचार वेगळा झाला असता. भिंतींमध्ये जाणाऱ्या वस्तूला वरचं पूर्णांकन कधीच नको.

फॉर्म चालवून घेत असेल तर मिलिमीटरमध्ये लिहा. १६८.५ मधला टिंब वाचताना सुटू शकतो, १६८५ मध्ये सुटायला काही नाही. आठ बाय चार म्हणून विकत घेतलेली प्लायवूडची शीटही कारखान्यात २४४० बाय १२२० म्हणूनच ओळखली जाते, त्यामुळे तिथल्या माणसाला मिलिमीटर वाचायची सवय असते. रुंदी, खोली आणि उंची यांचा क्रम फॉर्मवर कसा आहे तेही बघा. तीनही आकडे नुसते गुणाकाराच्या चिन्हाने जोडून देऊ नका, प्रत्येकाच्या आधी शब्द लिहा.

शेऱ्याच्या रकान्यात एवढा मजकूर टाका, आकडे वडिलांकडून पुन्हा मापं आल्यावर बदला: "ओपनिंगची रुंदी छताजवळ १७१४ मिमी, मध्ये १७१७ मिमी, खाली स्कर्टिंगच्या वर १७१६ मिमी, दोन स्कर्टिंगच्या मध्ये १६९६ मिमी. कपाटाची बाहेरची रुंदी १६८५ मिमी हवी, ओपनिंगची वजावट यात धरलेली आहे, पुन्हा करू नये. दोन्ही बाजूंना फिलर पट्टी द्यावी. कटिंगआधी फोन करावा."